सत्तर टक्क्यांचे गिऱ्हाईक

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या दिवशी मी भोसरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यावर गेलो होतो. सहा पॉवर प्रेस झेंडूच्या माळा घालून गप्प उभ्या होत्या. डायांना हळदकुंकू लावले होते आणि फरशीवर सांडलेल्या तेलावर भुसा टाकून वर रांगोळी काढली होती. गाळ्याचे मालक साठीला आलेले. कामगार त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. वाहनांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, क्लॅम्प, झाकणे, ते बनवतात. पेढा हातावर ठेवत अण्णा म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक म्हणाल तर एकच. पण भक्कम आहे. सत्तर टक्के माल एका दारात जातो."

हे वाक्य त्यांनी अभिमानाने म्हटले. त्यांची सून त्या गाळ्याचे हिशेब पाहते. ती शेजारच्या टेबलावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "तेच तर, अण्णा."

एकाच आकड्याकडे दोन माणसे पाहत होती. एकाला त्यात आधार दिसत होता आणि दुसरीला टांगती तलवार. दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत सुटला नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर नाही. लहान कारखान्यांच्या वह्या वाचण्याचा नाद मला पंचवीस वर्षांपूर्वी लागला आणि जे शिकलो ते त्या वह्यांतून आणि त्या ठेवणाऱ्या माणसांकडून. अण्णांच्या सुनेने त्यांच्या संमतीने आपले आकडे मला दिले. ते गोल करून इथे मांडतो आहे. प्रश्न साधा आहे: एका गिऱ्हाइकाकडून बहुतेक उत्पन्न येत असेल तर तो धोका आहे की नाही, हे ठरवायचे कसे? आणि धोका असेल तर तो कमी करायचा कसा?

टक्का काय सांगतो, काय सांगत नाही

शेअर बाजारात नोंदलेल्या आपल्याकडच्या कंपन्यांना हिशेबाच्या मानकानुसार एक गोष्ट उघड करावी लागते. एखाद्या एकाच ग्राहकाकडून दहा टक्के किंवा त्याहून अधिक महसूल येत असेल, तर ते अहवालात सांगावे लागते. ही दहा टक्क्यांची रेघ अनेक जण धोक्याची रेघ समजतात. तशी ती नाही. नियम फक्त 'सांगा' एवढेच म्हणतो. गुंतवणूकदाराने पुढे काय समजायचे ते त्याने ठरवावे. टक्का म्हणजे एका गिऱ्हाइकावर किती भार आहे हे सांगणारा आकडा. तो भार निघून गेला तर इमारत पडेल की नुसती हलेल, हे त्या आकड्यात नसते.

ते पाहण्यासाठी अण्णांचा एक महिना उलगडू. महिन्याची विक्री ४० लाख रुपये. त्यांपैकी २८ लाख मोठ्या गिऱ्हाइकाचे, १२ लाख इतर आठ-नऊ जणांचे. पत्रा, वीज, प्लेटिंग, वाहतूक असा जो खर्च माल बनवला तरच होतो, तो वजा केला की मोठ्या गिऱ्हाइकाच्या २८ लाखांतून ७ लाख उरतात; म्हणजे रुपयामागे पंचवीस पैसे. लहान गिऱ्हाइकांच्या १२ लाखांतून ४ लाख २० हजार उरतात. रुपयामागे पस्तीस पैसे. दोन्ही मिळून ११ लाख २० हजार. यातून माल बनो न बनो, द्यावाच लागतो असा खर्च ९ लाख. उरले २ लाख २० हजार. त्यावर अण्णांचे घर चालते.

इथेच पहिली गोष्ट हाती लागते. विक्रीत ज्याचा वाटा सत्तर टक्के, त्याचा उरलेल्या पैशातला वाटा साडेबासष्ट टक्के. शिवाय त्या ९ लाखांत काही खर्च केवळ त्याच्यासाठी होतो. त्याचा माल तपासायला ठेवलेला इन्स्पेक्टर आणि रोज सकाळी त्याच्या गेटवर जाणारा टेम्पो यांचे ८० हजार. तो ७५ दिवसांनी पैसे देतो म्हणून बँकेला भरावे लागणारे व्याज ५० हजार. रिजेक्शनच्या डेबिट नोटा ४५ हजार. एकूण पावणेदोन लाख. म्हणजे त्याच्यापासून खरोखर हाती येतात ते सव्वापाच लाख. हे वजा करून पाहिले नाही तर गिऱ्हाईक आहे त्यापेक्षा मोठे दिसते. आणि जे मोठे दिसते त्याला माणूस घाबरतो.

तो गेला तर किती महिने

आता तो उद्या गेला असे धरू. त्याचे ७ लाख गेले. त्याच्यासाठीचा पावणेदोन लाखांचा खर्चही थांबला. उरलेला बांधलेला खर्च सव्वासात लाख, आणि हाती इतरांचे ४ लाख २० हजार. महिन्याला ३ लाख ५ हजारांची तूट. दोनेक महिन्यांत जादा पाळी बंद होईल आणि काही कामगार कमी होतील. त्यातून सव्वा लाख वाचले तर तूट १ लाख ८० हजारांवर येईल.

हा सव्वा लाखाचा आकडा मी कागदावर लिहिला तेव्हा अण्णा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे सव्वा लाख म्हणजे कोण?" मी म्हटले, सहा माणसे. त्यांनी नावे घेतली नाहीत. पण प्रेसच्या बाजूला पाहून ती मनात मोजली असावीत.

तूट कळली, आता शिल्लक. अण्णांना वाटत होते की गिऱ्हाईक गेले तरी त्याच्याकडे अडकलेले ७० लाख येतील आणि त्यावर वर्ष निघेल. हा समज फार कारखानदारांचा असतो आणि तोच सर्वांत फसवा. बँकेने कॅश क्रेडिट दिलेले असते ते माल आणि येणी यांच्या जोरावर. येण्यांच्या ७५ टक्क्यांपर्यंत बँक पैसे देते. ती येणी वसूल झाली की त्यांवर दिलेली उचल बँक परत घेते, कारण नवी बिले होत नसल्यामुळे मर्यादा आपोआप खाली येते. म्हणजे ७० लाखांतले साडेबावन्न लाख बँकेचे. उरले साडेसतरा लाख. त्यातले १४ लाख पत्र्याच्या व्यापाऱ्याचे, कारण त्या मालाचा पत्रा उधारीवर आणलेला. हाती साडेतीन लाख. त्यात मुदत ठेवीतले सहा लाख मिळवले तर साडेनऊ.

पहिले दोन महिने तीन-तीन लाखांप्रमाणे सहा लाख जातील. उरलेले तीन-साडेतीन लाख पुढचे दोन महिने पुरतील. अण्णांच्या गाळ्याची तग चार महिन्यांची.

दुसरा आकडा भरपाईच्या काळाचा. नवे गिऱ्हाईक मिळवून त्याचा पैसा खात्यात यायला किती दिवस लागतात? या धंद्यात चौकशी, दरपत्रक, डाय बनवणे, नमुना, नमुन्याची मंजुरी, पहिली ऑर्डर आणि तिच्या बिलाची मुदत अशा पायऱ्या असतात. नुसती डाय बनवायलाच दीडदोन महिने जातात. सगळे सुरळीत झाले तर आठ महिने, नाही तर वर्ष.

तग चार महिने, भरपाई आठ महिने. मधल्या चार महिन्यांच्या खाईचे नाव धोका. टक्का किती हा प्रश्न या दोन आकड्यांनंतर येतो.

याची उलटी बाजूही पाहण्यासारखी आहे. अण्णांच्याच गल्लीत यंत्रभागांचे कातकाम करणारा एक गाळा आहे. त्याचे ऐंशी टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचे. पण गाळा स्वतःच्या मालकीचा, यंत्रांचे हप्ते फिटलेले, कच्चा माल गिऱ्हाईकच पाठवते त्यामुळे व्यापाऱ्याची उधारी नाही, आणि पैसे तीस दिवसांत येतात. त्याची यंत्रे ड्रॉइंग बदलले की दुसऱ्या कोणाचाही भाग कातू शकतात. त्यासाठी डाय बनवावी लागत नाही. त्याची तग वर्षाहून जास्त आणि भरपाई तीन महिन्यांत. अण्णांचे सत्तर टक्के धोक्याचे आणि त्याचे ऐंशी टक्के बिनधोक, हे ऐकायला विचित्र वाटते. पण वह्या तेच सांगतात.

डायांचा प्रश्न इथे येतो, तो बाहेरच्याला दिसत नाही. अण्णांच्या रॅकवर ज्या डाया आहेत त्यांतल्या बहुतेकांवर गिऱ्हाइकाचा क्रमांक कोरलेला आहे. डायांचे पैसे गिऱ्हाइकाने दिले, म्हणून मालकी त्याची. पैसे त्याने दिले याचा अण्णांना तेव्हा आनंद झाला होता. पण त्याचा अर्थ असा की एखाद्या रविवारी ट्रक आणून तो त्या उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे नेऊ शकतो आणि काही आठवड्यांत तिथे माल सुरू होऊ शकतो. डाय अण्णांची असती तर त्याला आधी नवी बनवून घ्यावी लागली असती, आणि तेवढे महिने अण्णांना सूचनेसारखे मिळाले असते.

न जाताही होणारे नुकसान

गिऱ्हाईक जाईल की काय, या भीतीत एक गोष्ट झाकली जाते. बहुतेक वेळा गिऱ्हाईक जात नाही. ते दर वर्षी दर कमी करून मागते.

वाहनउद्योगात ही रीतच आहे. वर्षाच्या सुरुवातीला खरेदी विभागाकडून पत्र येते: यंदा तीन टक्के. तीन टक्के म्हणजे थोडेच, असे वाटते. अण्णांच्या २८ लाखांवर तीन टक्के म्हणजे महिन्याला ८४ हजार. पत्र्याचा भाव तोच, पगार तेच, भाडे तेच. त्यामुळे हे ८४ हजार सरळ त्या २ लाख २० हजारांतून जातात. विक्रीतले तीन टक्के म्हणजे नफ्यातले अडतीस टक्के. मागच्या पाच वर्षांत अण्णांनी हे पत्र तीनदा स्वीकारले होते. एकदाही वाटाघाट केली नव्हती. समोरच्याला अण्णांची तग मोजता येत नसेल, पण अण्णा 'नाही' म्हणत नाहीत एवढे त्याला कळते, आणि त्याला तेवढे पुरते. अवलंबून असण्याची किंमत अशी हप्त्याहप्त्याने भरली जाते.

खरोखर जाण्याची चाहूल मात्र वेगळी असते. रिजेक्शन वाढले, तक्रारी आल्या, साहेब रागावले, ही चिन्हे मी फारशी धरत नाही. रागावणाऱ्याला अजून माल हवा असतो. मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. गिऱ्हाइकाची स्वतःची विक्री टिकून असताना आपले मासिक शेड्यूल घटते आहे का. डायांची यादी आणि फोटो मागितले जात आहेत का. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: त्याच्या नव्या मॉडेलच्या भागांची चौकशी आपल्याकडे आली का. चालू भागाचे शेड्यूल कितीही भरघोस असले तरी त्या भागाचे आयुष्य मॉडेलएवढेच असते. नव्या मॉडेलच्या चौकशीत आपण नसू, तर निरोप मिळालेला असतो. तारीख तेवढी कळायची असते.

आकुर्डीची स्कूटर आणि गावची बलुती

पिंपरी-चिंचवडच्या परिसराने हा धडा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. बजाजची चेतक १९७२मध्ये आली. परवाना राज्यात तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. तिचे अंग पत्र्याचे. ते पत्र्याचे भाग, केबल, रबराचे तुकडे, लहान कास्टिंग बनवणारे कितीतरी गाळे आकुर्डी, चिंचवड, भोसरी भागात उभे राहिले. नव्वदीच्या अखेरीस लोकांची पसंती मोटारसायकलकडे वळली. २००५-०६च्या सुमारास चेतकचे उत्पादन थांबले, २००७मध्ये आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन बंद झाले आणि २००९च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटरमधून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. कंपनी बुडाली नाही. मोटारसायकलींवर ती वाढलीच. म्हणजे गिऱ्हाईक भक्कमच राहिले. पण ज्याचा गाळा स्कूटरच्या पत्र्यावर चालत होता, त्याला त्या भक्कमपणाचा उपयोग नव्हता. पुढे २०२०मध्ये चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरवर परत आले. पण किक, गिअरची केबल आणि कार्ब्युरेटर परत आले नाहीत.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्या काळी ज्यांनी शहाणपणाने पाच-सहा गिऱ्हाइके जोडली होती, त्यांच्यापैकी ज्यांची ती सगळी गिऱ्हाइके पुढे त्याच स्कूटरला माल देत होती, त्यांची वही वरून सुरक्षित दिसे. सहा नावे, प्रत्येकाचा वाटा पंधरा-वीस टक्के. प्रत्यक्षात सहा नळ एकाच टाकीचे.

हे आपल्याला नवे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचे बारकाईने वर्णन आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांना बलुते मिळे ते सगळ्या गावच्या खळ्यांवरून. एखाद्या कुणब्याने रागावून बलुते दिले नाही, तरी सुताराचे घर बसत नसे. या व्यवस्थेत माणसाला जातीने कामाला बांधलेले होते, आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण धोक्याच्या हिशेबाने पाहिले तर एका गिऱ्हाइकाच्या मर्जीपासून बलुतेदाराला संरक्षण होते. पावसापासून मात्र नव्हते. दुष्काळात गावातली सगळी खळी एकदम रिकामी राहत. गिऱ्हाइके मोजताना म्हणून दोनदा मोजावे: एकदा नावे मोजावीत आणि एकदा त्यांचे पाऊस. अण्णांच्या लहान आठ-नऊ गिऱ्हाइकांपैकी चार जण त्याच मोठ्या गिऱ्हाइकाला माल देणारे निघाले. सुनेने ते पहिल्यांदा लिहून काढले, तेव्हा सत्तरचा आकडा शहात्तर झाला.

किती कमी करायचे

धोका कमी करायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. २८ लाखांचे दुसरे गिऱ्हाईक आणायचे कुठून? या डोंगराला भिऊन लोक काहीच करत नाहीत. किंवा तसेच दुसरे बलाढ्य गिऱ्हाईक शोधतात, त्याच्यासाठी कर्ज काढून यंत्रे घेतात आणि दोन मालकांचे चाकर होतात.

पण वर मांडलेली तूट पुन्हा पाहा. मोठे गिऱ्हाईक गेल्यावर, दोन महिन्यांनी, महिन्याला १ लाख ८० हजार कमी पडत होते. लहान गिऱ्हाइकांच्या कामातून रुपयामागे पस्तीस पैसे उरतात. म्हणजे १ लाख ८० हजारांसाठी त्या प्रकारचे महिन्याला सव्वापाच लाखांच्या आसपास नवे काम पुरे आहे. २८ लाखांच्या जागी २८ लाख लागत नाहीत, सव्वापाच लागतात. एवढे काम असले तर मोठे गिऱ्हाईक गेल्यावर नफा उरणार नाही, सहा माणसेही कमी करावी लागतील. पण गाळ्याचे शटर खाली येणार नाही आणि भरपाईसाठी लागेल तेवढा काळ मिळेल. गंमत अशी की हे साधल्यावरही मोठ्याचा वाटा सत्तरवरून बासष्टवरच येतो. जो टक्क्याकडेच पाहील त्याला काही बदलले असे वाटणार नाही.

हे काम कोणते घ्यायचे? आहे त्या प्रेसवर होणारे, वाहनांच्या पावसाबाहेरचे, आणि ज्याच्या डाया आपल्या मालकीच्या राहतील असे. अण्णांनी फवारणी पंपाचे क्लॅम्प, विजेच्या पॅनेलबॉक्सच्या पट्ट्या आणि शाळेच्या बाकांचे कोन घेतले. त्यात मोठेपणा काही नव्हता. एक प्रेस आणि एक फिटर आठवड्याचे दोन दिवस या कामासाठी राखून ठेवायचे असे ठरले. हे राखून ठेवणेच अवघड गेले. कारण मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला की सगळ्या प्रेस त्याच्याच होत.

यासोबत पैशाच्या बाजूनेही काम करावे लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. खरेदीदाराने कराराने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आणि सुविधा परिषद आहे. मग अण्णांना ७५ दिवसांनी पैसे का मिळत होते? कारण ज्याच्यावर सत्तर टक्के अवलंबून आहे त्याची तक्रार कोण करणार! हक्क आहे, पण तो वापरायला जे स्वातंत्र्य लागते तेच नाही.

१ एप्रिल २०२४पासून लागू झालेली प्राप्तिकराची तरतूद, तेव्हाचे कलम ४३बी(एच), या कोंडीतून थोडी वाट काढते. ठरल्या मुदतीत या उद्योगांचे पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. पैसे देईल त्या वर्षी तो मिळतो. इथे तक्रार करावी लागत नाही. खरेदीदाराचा लेखापरीक्षकच त्याला विचारतो. मात्र आपण उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी केलेली असावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला असावा. अण्णांच्या बिलावर तो नव्हता. सुनेने तो छापला, एक साधे पत्र पाठवले, आणि वर्षभरात पैसे पन्नास दिवसांवर आले.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. यातून नवा पैसा आला नाही. अण्णांचाच पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून त्यांच्या ठेवीत आला. पण संबंध तुटताना शेवटचा हिशेब उशिराच होतो आणि डेबिट नोटांनी कातरला जातो. त्यामुळे त्याच्याकडचे सहा लाख आणि आपल्याकडचे सहा लाख हे सारखे नसतात. ज्यांचे गिऱ्हाईक ट्रेड्सवर, म्हणजे बिले वटवण्याच्या सरकारमान्य मंचावर, नोंदलेले आहे त्यांना आणखी एक सोय आहे. खरेदीदाराने बिल मान्य केले की तिथे बँका त्यावर पैसे देतात, आणि पुढे खरेदीदाराने पैसे थकवले तरी ते विक्रेत्याकडून वसूल केले जात नाहीत.

तिसरी बाजू कागदाची. अण्णांच्या खरेदी आदेशात दर होता, गुणवत्तेच्या अटी होत्या, उशिराचा दंड होता. काम थांबवायचे झाल्यास किती आधी सांगायचे हे कुठेच नव्हते. तीन महिन्यांची सूचना आणि शेड्यूलप्रमाणे आणलेला पत्रा व तयार माल उचलण्याची हमी, ही दोन कलमे मिळाली तर तग तेवढ्याने वाढते. ती मागण्याची वेळ मात्र एकच असते. गिऱ्हाईक जेव्हा म्हणते, 'माल दुप्पट करा, नवी प्रेस घ्या', तेव्हा. त्या दिवशी त्याला आपली गरज असते. नुसत्या तोंडी भरवशावर त्याच्यासाठी कर्ज काढणे, हीच या सगळ्या गोष्टीतली सर्वांत महाग चूक आहे. कारण त्या हप्त्याने बांधलेला खर्च वाढतो आणि तग त्याच दिवशी कमी होते.

चुकते कुठे

हे सगळे सरळ घडत नाही. पहिल्या वर्षी अण्णांकडे नव्या कामाची पन्नास-साठ हजारांची बिले बुडाली. लहान गिऱ्हाईक पळून जाऊ शकते, मोठे निदान जागेवर असते. म्हणून नव्या नावाला पहिले तीन महिने आगाऊ रकमेशिवाय माल नाही असा नियम करावा लागला. दुसरी चूक दराची. काम मिळावे म्हणून रुपयामागे वीस पैसे उरतील असा दर दिला, तर सव्वापाच लाखांऐवजी नऊ लाखांचे काम लागते, आणि सगळे गणित कोसळते. तिसरी चूक सर्वांत घातक: लक्ष नव्याकडे गेले की मोठ्याचे रिजेक्शन वाढते, आणि ज्याच्या जाण्याची तयारी चालली आहे त्याला आपणच जायला कारण देतो. दोन महिने तसे झालेही. तेव्हा अण्णांनी नवे काम थांबवले नाही. मोठ्या गिऱ्हाइकाच्या कामावर स्वतः उभे राहिले आणि नवे काम सुनेकडे सोपवले.

हा उपाय सगळीकडे चालत नाही, हेही नोंदवले पाहिजे. रेल्वेचाच एखादा भाग बनवणाऱ्याला दुसरा खरेदीदार आणायचा कुठून? तिथे नवे गिऱ्हाईक हा मार्गच नसतो. अशा धंद्यात खर्च बांधून न घेणे आणि शिल्लक जास्त महिन्यांची ठेवणे एवढेच हाती असते. यंत्र विकत घेण्याऐवजी बाहेरून करून घ्यावे, गाळा मोठा करण्याचा मोह टाळावा. नफा थोडा कमी होतो. त्या कमी झालेल्या नफ्याने महिने विकत घेतलेले असतात.

अण्णांना सव्वापाच लाखांपर्यंत पोहोचायला वीस महिने लागले. त्यानंतरच्या जानेवारीत नेहमीचे पत्र आले: यंदा तीन टक्के. या वेळी सुनेने पत्राला उत्तर लिहिले. एक टक्का देऊ; त्याबदल्यात काम थांबवायचे झाल्यास तीन महिन्यांची सूचना खरेदी आदेशात लिहून द्यावी. उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत अण्णा रोज सकाळी शेड्यूल आले का ते विचारत. अखेर दीड टक्क्यावर ठरले, आणि सूचना दोन महिन्यांची मिळाली.

यंदाच्या खंडेनवमीला पुन्हा गेलो होतो. प्रेस सहाच, माळा तशाच. बोनसची पाकिटे लिहून झाली होती. मी विचारले, "अण्णा, आता किती टक्के?" ते म्हणाले, "बासष्ट." मग रॅकच्या खालच्या खणातल्या तीन नव्या डायांकडे बोट केले. त्यांवर कोणाचाच क्रमांक नव्हता. हळदकुंकू त्यांना आधी लागले होते.